रकाना पुसला, तरी माणूस उरतो

"अल्गोरिदमला माणूस दिसत नाही, नुसते आकडे दिसतात. वंश, जात, लिंग त्याला सांगितलंच नाही तर तो भेदभाव करणार कसा? चुकलाच तर शिकून सुधारतो. आणि कंपन्या माहिती वापरतात तीसुद्धा नाव काढून. मग एवढी भीती कशाची?" असा युक्तिवाद बरेच जण करतात.

अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमलाही रुग्णाचा वंश सांगितलेला नव्हता. गुंतागुंतीचे आजार असलेल्या कोणाकोणाला जादा देखभाल द्यायची, हे ठरवायला तो प्रत्येक रुग्णाला गुण देत असे. संशोधक झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या रुग्णालयातल्या नोंदी तपासून २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. तिथे गुणांनुसार सर्वांत वरच्या ३ टक्क्यांत आलेल्या रुग्णाची या देखभालीसाठी आपोआप निवड होत असे.

खरी गोम 'गरज' मोजण्यात होती. ती कुठल्याच नोंदीत थेट लिहिलेली नसते, म्हणून बनवणाऱ्यांनी तिच्या जागी उपचारांवर पुढे होणारा खर्च धरला. जास्त आजारी माणसावर जास्त खर्च होतो, हे वरवर पटतंही. पण तेवढेच आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर गोऱ्या रुग्णांपेक्षा वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. उपचारांपर्यंत पोहोचण्यातल्या अडचणी आणि वैद्यकीय व्यवस्थेवरचा अविश्वास ही त्यामागची कारणं होती. म्हणजे ज्याला आधीच कमी उपचार मिळाले, त्याचा खर्च कमी, म्हणून गुण कमी, म्हणून पुढची मदतही कमी. वंशाचा रकाना नसला तरी त्याचा परिणाम खर्चाच्या रकान्यातून आत आलाच.

हे उघडकीला कसं आलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. खर्चाचा अंदाज दोन्ही गटांसाठी जवळजवळ सारखाच बरोबर येत होता, त्यामुळे नुसती अचूकता तपासून काहीच दिसलं नसतं. संशोधकांनी सारखे गुण मिळालेले रुग्ण घेतले आणि त्यांना प्रत्यक्षात किती जुनाट आजार आहेत ते मोजलं. कृष्णवर्णीय रुग्ण स्पष्टपणे जास्त आजारी निघाले. जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्के होतं. हा भेद दूर केला असता तर ते ४६.५ टक्के झालं असतं. पुढे अल्गोरिदम बनवणाऱ्या कंपनीसोबत काम करताना संशोधकांनी खर्चाबरोबर आजारांचाही अंदाज घ्यायला लावला, तेव्हा हा भेद ८४ टक्क्यांनी घटला. काय मोजायचं, हा निर्णय अखेर माणसानेच घेतला होता आणि माणसालाच तो बदलता आला.

आपोआप शिकून सुधारण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ज्याचा कर्जाचा अर्ज नाकारला, त्याने ते फेडलं असतं का, याची नोंद कधीच तयार होत नाही. चुकीचा नकार त्यामुळे अल्गोरिदमला चूक म्हणून दिसतच नाही. मग तो त्यातून शिकणार काय?

आता नाव काढण्याचं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी नावं-पत्ते वगळून संशोधनासाठी दिल्या गेल्या. त्यांत जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड मात्र राहिले होते. त्या वेळी विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. तिच्यात हेच तीन रकाने होते, शिवाय नाव आणि पत्ताही. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजला राहत. त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण यादीत सापडले, त्यांपैकी तीन पुरुष, आणि वेल्ड यांच्या पिन कोडमध्ये एकच. त्यांच्या वैद्यकीय नोंदी अशा हाती लागल्या. कुठलंही कुलूप तोडावं लागलं नाही, दोन याद्या शेजारी ठेवणं पुरलं.

म्हणून कुणी 'आम्ही नाव ठेवत नाही' म्हटलं की मी आधी विचारतो, बाकी काय ठेवता? अमेरिकेच्या आरोग्यविषयक गोपनीयता नियमांतल्या एका पद्धतीत पूर्ण जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष आणि पिन कोडचे पहिले तीन आकडे ठेवता येतात, तेही त्या भागात २०,००० हून अधिक लोक राहत असतील तरच. बरेच लोक एकसारखे दिसू लागले की एकाला वेगळं काढणं अवघड होतं.

मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदींत हा उपाय लंगडा पडतो. रात्री फोन जिथे थांबतो ते घर, दिवसा थांबतो ते कामाचं ठिकाण, आणि ही जोडी फार थोड्यांची सारखी असते. सुमारे १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदींवर २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माणूस कुठे आणि कोणत्या तासाला होता, अशा चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरल्या. जागा आणि वेळ ढोबळ केल्यावरही हे वेगळेपण फार हळूहळू कमी होत गेलं.