पेटीवरचा पिन का पुसला?

आज सकाळी आमच्या कोपऱ्यावरची टपालपेटी नवीकोरी, लालभडक दिसली. बरं वाटलं. जवळ गेलो तर रंगवणाऱ्याने पुढच्या पाटीवरूनही ब्रश फिरवलेला. पत्रं काढायची वेळ गेली, पिन कोडही गेला. तेव्हापासून डोकं फिरलंय.

पत्रं टाकतं कोण, असं म्हणाल. मान्य, फारसं कोणी टाकत नाही. पण आपण कुठल्या गावच्या रस्त्यावर उभे आहोत, हे तो आकडा सांगतो.

भाचा रस्त्याचे फोटो बघून जागा ओळखायचा खेळ खेळतो. एका फोटोवर अडला. फुटपाथला पेव्हर ब्लॉक, गटाराच्या चेंबरवर काँक्रीटचं झाकण, मागे टपालपेटी. ब्लॉकवरून काय कळणार? नागमोडी कडेचे तेच ब्लॉक जिकडेतिकडे. झाकणावर एचडी २० उमटलेलं. "मामा, हा एरियाचा नंबर का?" नाही रे बाबा, झाकण किती भार पेलतं त्याची ती खूण, एचडी म्हणजे जड वाहतुकीचं, २० टनांचं. देशभर तेच. त्याखाली मात्र एनएमसी. भाचा ओरडला, "नाशिक!" म्हटलं थांब, नागपूर महापालिकाही एनएमसीच लिहिते.

मग पेटी मोठी करून बघितली. पांढऱ्या रंगातले पहिले तीनच आकडे लागले: ४४०. नागपूर! आपलं नाशिक असतं तर ४२२.

तीन आकड्यांत निकाल लागला, कारण पिनची रचनाच तशी आहे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं ऑफिस. म्हणून शहरात ४२२००१, नाशिकरोडला ४२२१०१. १५ ऑगस्ट १९७२ला हे सुरू झालं, आणि ते बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतचे कवी. हे लिहिताना राग जरा उतरला खरा.

पिनवरून सरकारी जिल्हा मात्र ठरवू नका. संगमनेर ४२२६०५, अकोले ४२२६०१, दोन्ही तालुके अहिल्यानगर जिल्ह्यातले. टपालाची हद्द महसुलाच्या हद्दीवरून जातेच असं नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, मग झाकण आणि पेटी दोन्ही बघायचं. अगदी बरोबर बोलला! झाकण महापालिका सांगतं, पेटी टपालाचा इलाखा सांगते. एनएमसी आणि ४२२ एकत्र दिसलं की नाशिक, दुसरं काही नाही.

आणि आपण काय करतो? सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते उकरले जाताहेत, आणखी किती पेट्यांवर ब्रश फिरेल कोण जाणे. रंगवा ना, कोण नको म्हणतंय! आधी पाटीवर कागद चिकटवा, रंग वाळला की काढा. पाच मिनिटांचं काम आहे. पाटी गेलीच असेल, तर तिथल्या पोस्टमनला विचारून सहा आकडे पांढऱ्या रंगात पुन्हा लिहून घ्या. आमच्या पेटीसाठी मी उद्या अर्ज देतोय. तुमच्या कोपऱ्यावरच्या पेटीचा पिन दिसत नसेल तर तुम्हीही द्या.