मोजणी झाली, पण ‘क’ प्रत मिळेना. मग साहेबांना अर्ज कसा लिहायचा?

माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली. त्यामुळे आमच्या सातारा जिल्ह्यातले ओळखीचे लोक अर्ज लिहून घ्यायला अजून घरी येतात. परवा एक शेतकरी काका आले. जमिनीची मोजणी होऊन महिने लोटले, खुणाही दाखवून झाल्या, पण ‘क’ प्रतीचा नकाशा काही हातात पडेना. भूकरमापक म्हणतो “पुढच्या आठवड्यात या”. काकांनी चिडून भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांना अर्ज लिहून आणला होता: “आपला कर्मचारी मुद्दाम टाळाटाळ करून मला त्रास देत आहे, त्याच्यावर कारवाई करावी.”

राग खोटा नव्हता. पण असा अर्ज आत गेला की काय होतं, ते मी बघितलंय. तो ‘कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार’ म्हणून नोंदला जातो. साहेब त्यावर ‘खुलासा घ्या’ असा शेरा मारतात. भूकरमापक खुलासा लिहितो, साहेब तुम्हाला उत्तर पाठवतात आणि तक्रार कागदोपत्री निकाली निघते. नकाशा मात्र होता तिथेच. तुम्ही कारवाई मागितली, नकाशा मागितलाच नाही ना!

मग आम्ही विषयच बदलला: “मोजणी रजिस्टर नंबर अमुक, गट नंबर तमुक: ‘क’ प्रत मिळणेबाबत”. खाली फक्त तारखा. फी कधी भरली, मोजणी कधी झाली, चौकशीला कधी गेलो आणि काय उत्तर मिळालं. “मुद्दाम”, “टाळाटाळ” हे शब्द काढले, कारण ते सिद्ध करता येत नाहीत, तारखा येतात. शेवटी लिहिलं: “प्रकरण सध्या कोणाकडे व कोणत्या कारणाने प्रलंबित आहे ते कळवावे. माझ्याकडून कागद कमी असल्यास सांगावे, लगेच देतो.”

हे शेवटचं वाक्य मला फार कामाचं वाटतं. कधी भूकरमापकाची बदली झालेली असते, कधी शेजारच्या गटाची हद्द जुळत नसते, कधी नकाशा तपासणीत अडकलेला असतो. साहेबांना हे माहीत असेलच असं नाही. प्रश्न विचारला की त्यांना प्रकरण मागवून बघावं लागतं, आणि कुणाची बाजू घ्यायची वेळही येत नाही.

काका म्हणाले, “एक प्रत कलेक्टरांना टाकू का?” मी नको म्हटलं. पहिल्याच अर्जावर वरची प्रत दिसली की साहेब आधी स्वतःचा बचाव लिहायला बसतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि आवक क्रमांक तेवढा घ्या. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या अर्जात तो क्रमांक द्या आणि 2005 च्या विलंब प्रतिबंध अधिनियमाचा उल्लेख करा. साधारणपणे कोणतंही प्रकरण एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, असं त्यात आहे. भूमी अभिलेखच्याच जिल्हा अधीक्षकांना प्रत तेव्हा जोडा.

हां, कुणी पैसे मागितले असतील तर हा सौम्य अर्ज कामाचा नाही. तिथे साहेबांना लिहीत बसू नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 लावा.