ओहायोचं गिऱ्हाईक पटवण्याची इंदुरी पद्धत

विजयनगरात तिसऱ्या मजल्यावर तुमची कंपनी आहे, चाळीसेक पोरं कोड लिहितात, आणि आता तुम्हाला अमेरिकेतलं मध्यम आकाराचं गिऱ्हाईक हवंय. समजा, ओहायोतला पंपांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. माणसं दीडशे, त्यात आयटीवाले दोन. शुभस्य शीघ्रम्.

पहिला मेल लिहिताना त्यांची वेबसाइट चुकूनही उघडू नका. उघडलीत तर दिसेल की त्यांचे डीलर अजून पीडीएफ फॉर्म भरून ऑर्डर पाठवतात. मग त्यावर दोन ओळी लिहाव्या लागतील, आणि तोच मेल आणखी दोन हजार जणांना खपणार नाही. सही करताना मंदारने स्वतःला ‘माइक’ म्हणवून घ्यावं. पुढे व्हिडिओ कॉलवर पडद्यावर ‘मंदार’ उमटेल, पण तोवर ओळख झालेली असते. अमेरिकी कायद्याप्रमाणे जाहिरातीच्या मेलमध्ये खरा टपाली पत्ता लागतो. तिथे डेलावेअरमधली भाड्याची टपालपेटी टाका. इंदूर लिहिलंत तर त्याला कळेल ना तुम्ही कुठे आहात ते!

आता वेळेचं. ‘चोवीस तास, सातही दिवस’ एवढंच लिहा. ठरावीक तास लिहिण्याचा नाद वाईट, कारण मग हिशेब करावा लागतो. कारखाना सकाळी आठला उघडतो. तुमची पोरं दहा ते सात बसतात. आपले सात म्हणजे ओहायोत हिवाळ्यात सकाळचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे दोघं एकाच वेळी कामावर असतात ते हिवाळ्यात अर्धा तास आणि उन्हाळ्यात दीड. चार जणांची पाळी दुपारी एक ते रात्री दहा केली, तर हेच साडेतीन आणि साडेचार तास होतात. मग ‘तुमच्या सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत हे चौघं नक्की भेटतील’ असं छातीठोक लिहिता येतं. पण त्यासाठी चार जणांना रात्रीची गाडी आणि भत्ता द्यावा लागतो. ‘चोवीस तास’ लिहायला काहीच लागत नाही.

तो माणूस मात्र खवचट निघतो. विचारतो, ‘आमच्याकडे दुपारी दोनला ऑर्डर घेणं बंद पडलं तर फोन कोण उचलेल?’ हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि तुमचा टीम लीड सराफ्यात गराडू खातोय. म्हणजे जागा आहे. सेवा चालूच म्हणायची! त्या आठवड्यात रात्री फोन कुणाकडे, किती मिनिटांत उचलणार आणि त्याने नाही उचलला तर पुढचा नंबर कुणाचा, हे कागदावर देणारे लोक असतात. त्यांना धंद्यातली गंमतच कळत नाही.

साप्ताहिक बैठकीचं निमंत्रण नेहमी आपल्या वेळेनुसार लावा: संध्याकाळी साडेसात, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात. आपली जात नाहीत. पुढच्या बैठकीला तो नेहमीप्रमाणे नऊला येऊन बसेल, आणि तुम्ही साडेसातला, म्हणजे त्याच्या दहाला, हसतमुखाने उगवाल. निमंत्रण त्याच्या वेळेवर लावलं असतं तर कॅलेंडरने तुम्हालाच गुपचूप साडेसहाला बोलावलं असतं. पण मग ‘सॉरी सर, ट्रॅफिक’ म्हणण्याची संधी गेली असती. (साडेसातला विजयनगर चौकात ट्रॅफिक असतोच, त्यात खोटं काही नाही.)

विश्वासाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. तो विचारेल, कोड कुणाच्या खात्यात राहणार? आपल्याच. त्याच्या खात्यात पहिल्या दिवसापासून ठेवला, तर उद्या भांडण झाल्यावर तो तुमचा प्रवेश बंद करून निवांत दुसऱ्याकडे जाईल, आणि हेच त्याला हवं असतं. म्हणून उत्तर द्या, ‘डोन्ट वरी सर.’ जुन्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचं म्हणाला, तर गोपनीयतेचा करार पुढे करा आणि तारांकित शिफारसपत्रांची फाइल पाठवा, सगळी एकाच फॉन्टमधली. कोणत्या गिऱ्हाइकाला चालेल हे आधी विचारून ठेवायला सवड कुणाला आहे?

इतकं होऊनही तो म्हणाला की आधी दोन आठवड्यांचं छोटं काम पैसे देऊन करून बघू, डीलरच्या त्या पीडीएफ फॉर्मच्या जागी एक साधं पान, आवडलं तर पुढचं, तर दुखावल्यासारखा चेहरा करा. एवढ्याशा कामात पोरं कशी लिहितात, अडलं की त्याच दिवशी सांगतात की शेवटच्या दिवशी, सगळं त्याला दिसेल. त्याऐवजी तीन वर्षांचा करार पाठवा, चांगला साठ पानांचा. कोडची मालकी त्याच्याकडे कधी जाते हे कलम त्यात नसलं तरी चालेल. शेवटच्या पानावर मात्र ठळक अक्षरांत हवंच: न्यायक्षेत्र इंदूर.