खपली धरली म्हणजे संपलं? कांजिण्या आणि एमपॉक्स यांच्यातला फरक

"मंकीपॉक्स म्हणजे मोठ्या कांजिण्याच. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर भिऊ नका. तळहातावर फोड असेल तरच मंकीपॉक्स, नाहीतर नाही. फोटो बघितला तरी कळतं. खपली धरली की कामावर जायला हरकत नाही. सगळ्यांना पाठवा."

देवगडच्या बाजूला माझा दवाखाना आहे. हा मजकूर मला एकाच आठवड्यात तिघांनी दाखवला. त्यातला एक जण खलाशी होता, वय 23, आणि त्याच्या अंगावर फोड होते. त्याच्याच निमित्ताने एकेक मुद्दा घेतो.

आधी नात्याचं बघू. कांजिण्यांचा विषाणू नागिणीचा, म्हणजे हर्पीसच्या कुळातला. मंकीपॉक्स, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एमपॉक्स हे नाव दिलं, तो देवीच्या कुळातला. ही दोन कुळं पूर्णपणे वेगळी आहेत. त्यामुळे कांजिण्या येऊन गेल्याने किंवा त्यांची लस घेतल्याने एमपॉक्सपासून काडीचंही संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की "देवी आल्या" म्हणून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवतात, त्यामुळे मनात दोन्ही आजार एकाच खणात जाऊन बसतात. पण कातडीवर त्यांचं वागणं निराळं असतं, आणि ते ओळखायचं तर एकच फोड रोज बघावा लागतो.

त्या पोराला आदल्या संध्याकाळी कणकण आली होती, सकाळी छातीवर आणि पाठीवर पुरळ उठलं. उन्हाने रापलेल्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून बॅटरी बाजूने तिरकी मारून बघितलं. मग छातीवरच्या एका सपाट डागाभोवती बॉलपेनने गोल काढला. आई दारात उभी होती. "डॉक्टरांनू, हो तो नवो रोग नाय मा?" म्हटलं, आये, ह्या गोलात काय होतं ते दोन दिवस बघू, मग सांगतो.

संध्याकाळी त्या गोलात पाण्याचा थेंब बसावा तसा फोड होता. पातळ पापुद्रा, आत स्वच्छ पाणी, भोवती लालसर कडा. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे खपली होती. सपाट डागापासून खपलीपर्यंतचा सगळा प्रवास दोन दिवसांत उरकला. दरम्यान गोलाच्या शेजारी बोटभर अंतरावर नवे डाग उठत होते. एकाच छातीवर डाग, पाण्याचा फोड आणि खपली अशी तिन्ही एका वेळी दिसत होती. कांजिण्या अशाच लाटालाटांनी येतात, धडावर जास्त आणि हातापायांवर कमी.

तोच गोल एमपॉक्सच्या डागाभोवती काढला असता तर काय दिसलं असतं? एक-दोन दिवस सपाट डाग. मग एक-दोन दिवस टणक उंचवटा. मग एक-दोन दिवस पाण्याचा फोड. त्यानंतर तो पुवाने भरल्यासारखा पांढरट-पिवळा होतो आणि तसाच पाच ते सात दिवस राहतो. हातमोजा घालून चाचपला तर कातडीखाली वाटाणा बसवल्यासारखा लागतो, कडा रेखीव. कांजिण्यांचा फोड कपड्याला घासूनही फुटतो, हा सहज फुटत नाही. बऱ्याचदा मधोमध बेंबीसारखी खळी पडते. मग कुठे खपली धरते, आणि ती गळायला आणखी एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे त्या पोराच्या गोलात खपली आली, त्या दिवशी एमपॉक्सचा डाग नुकता कुठे उंचवटा झाला असता.

शिवाय एमपॉक्समध्ये गळ्यात, काखेत किंवा जांघेत अवधाण येतं, गाठी सुजून दुखतात. कांजिण्यांत अशा ठळक गाठी सहसा नसतात. त्या पोराच्या गळ्यात, काखेत, जांघेत चाचपलं, काहीच लागलं नाही.

आता तळहात. गंमत म्हणजे त्याच्या डाव्या तळहातावर एक फोड होता, आणि त्यावरूनच त्याच्या होडीवरच्यांनी त्याला वेगळं काढलं होतं. एमपॉक्समध्ये तळहात-तळपायांवर फोड येतात हे खरं आहे, कांजिण्यांत ते क्वचितच येतात. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. पावसाळ्यात अंगणवाडीतल्या पोरांना तळहातावर, तळपायावर आणि तोंडात फोड येतात तो हात-पाय-तोंडाचा आजार, आणि गरमी ह्या गुप्तरोगाच्या दुसऱ्या टप्प्यातही तळहातावर चट्टे उठतात.

मजकुरातलं "नाहीतर नाही" हे त्याहून जास्त घातक आहे. पुस्तकात एमपॉक्सचे फोड एका भागावर एकाच टप्प्यातले असतात असं लिहिलेलं असतं, आणि ते शिकवायला सोपंही जातं. पण 2022 च्या साथीपासून कितीतरी रुग्णांना मोजकेच फोड आले, कधी एकच. तोही जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात. काहींना आधी तापच आला नाही, काहींचे फोड वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. महिना-महिना घरापासून लांब राहणारा माणूस असा फोड कुणाला दाखवत नाही, बंदरातल्या औषधाच्या दुकानातून मलम घेतो. तळहात कोरा आहे म्हणून त्याने स्वतःला मोकळं समजावं, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

म्हणूनच फोटो पुरेसा नाही. फोटोत एक क्षण दिसतो, आणि इथला फरक तर दिवसांचा आहे. बोटाला लागणारा टणकपणा आणि जांघेतली गाठही फोटोत येत नाही. हे सगळं बघूनही माझा अंदाज तो अंदाजच. खात्री फोडावरून किंवा खपलीवरून घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआर तपासणीने होते. आफ्रिकेत एकाच रुग्णाला दोन्ही आजार एकदम झाल्याच्याही नोंदी आहेत. ह्या पोराचा नमुनाही आम्ही सरकारी दवाखान्यामार्फत पाठवला. एमपॉक्स नव्हता, कांजिण्याच निघाल्या.

राहिली खपली. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरली आणि नवा डाग उठायचा थांबला की माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हाच नियम उचलून एमपॉक्सला लावला. एमपॉक्सच्या खपलीत विषाणू असतो. ती अंथरुणात, टॉवेलवर, लुंगीत गळते, आणि एकाच केबिनमध्ये दाटीवाटीने झोपणाऱ्यांना त्यातून लागण होऊ शकते. तिथे सगळ्या खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत माणसाने वेगळं राहायचं. ह्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. गळलेल्या खपल्या झाडू मारून उडवायच्या नाहीत, ओल्या फडक्याने टिपायच्या. अंथरूण न झटकता गुंडाळून गरम पाण्यात साबणाने धुवायचं.

आमच्या पोराला आठव्या दिवशी एकही ओला फोड उरला नव्हता. बॉलपेनचा गोल पुसट झाला होता, खपली अजून जागेवरच होती. त्याला होडीवर जायची परवानगी मी त्या खपलीसकट दिली. एमपॉक्स असता तर तीच खपली बघून त्याला आणखी निदान आठवडाभर तरी घरी थांबवलं असतं.