बायकोला न सांगता डीमॅट

'दहा मिनिटांत खातं उघडा' अशी जाहिरात करणाऱ्याला गोव्यातली आडनावं माहीत नसावीत. पॅनवर Naique, आधारवर Naik आणि बँकेच्या पासबुकात कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. अशाने अर्ज अडकतो. म्हणून पॅन, आधार आणि बँक यांतली नावं आधी जुळवून घ्यावीत आणि मगच ॲप उघडावं. बँक खातं तुमचंच आहे ना, हे बघायला ब्रोकर त्यात एक रुपया टाकतो. ब्रोकरकडून आपल्याकडे येणारा हा बहुधा एकमेव रुपया असल्यामुळे मी तो जपून ठेवायचा सल्ला देईन.

पुढे प्रश्न येतो: तुम्ही राजकीय व्यक्ती आहात का, किंवा तशा कुणाचे नातेवाईक? चाळीस आमदारांच्या राज्यात हा प्रश्न विचारणं म्हणजे छळच. पण आमदाराच्या घरी चवथीला जेवलो म्हणून 'होय' वर टिक करायची नसते.

मग शुल्क. 'डिलिव्हरीवर ब्रोकरेज शून्य' हे वाचून आपला जीव हरखतो, आणि खाली बारीक अक्षरात डीपी चार्ज बसलेला असतो. शेअर विकून ते डीमॅटमधून बाहेर गेले की हा लागतो. तो एका कंपनीमागे, एका दिवसाला एकदाच लागतो. शेअर एक असो वा हजार. समजा, 500 रुपयांना एक शेअर घेतला आणि 520 ला विकला. डीपी चार्ज 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर गेले 17 रुपये 70 पैसे. खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी हा सरकारी व्यवहार कर, म्हणजे आणखी रुपयाभर. वीस रुपयांच्या नफ्यातला जेमतेम एक रुपया हाती उरला. तेच दहा शेअर एकदम विकले असते, तर डीपी चार्ज तेवढाच राहून नफा दोनशे झाला असता. एकेक शेअर रोज विकणाऱ्याचं भलं फक्त ब्रोकरच करतो, तेही स्वतःचं.

वार्षिक देखभाल शुल्काचंही विचारून घ्यावं. शेअर सांभाळणाऱ्या सगळ्या डिपॉझिटरी मिळून तुमच्या नावावर एकच डीमॅट असेल आणि त्यातला माल चार लाखांपर्यंत असेल, तर मूलभूत खात्याला हे शुल्क शून्य असतं.

सुरक्षिततेबद्दल माझं मत कडक आहे: ब्रोकरच्या ॲपमध्ये शेअर दिसतात, यावर विसंबू नये. शेअर असतात सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडे. त्यांच्याच संकेतस्थळावर वेगळं लॉगिन काढून तिथे ते दिसतात का, हे पाहावं. व्हॉट्सॲप गटातल्या 'सरां'नी दिलेल्या ॲपमध्ये नफा पिकल्या आंब्यासारखा लगडलेला दिसतो, पण डिपॉझिटरीत नाव नसतं आणि पैसे काढायला गेलं की आधी 'कर' भरायला सांगतात. पैसे पाठवण्याआधी ब्रोकरचा नोंदणी क्रमांक sebi.gov.in वर तपासावा.

आता नॉमिनी. या रकान्याशी येऊन पुष्कळ पुरुष थबकतात, कारण खातं घरी न सांगता उघडायचं असतं. मग धाकट्या भावाचं नाव, नातं आणि मोबाईल नंबर टाकून मोकळे होतात. पण नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांच्या वतीने माल सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये शेअरच्या बाबतीत हेच सांगितलं. आणि गोव्यात वारसा ठरतो तो पोर्तुगीज वळणाच्या आपल्या कायद्याने. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. खात्यात आठ लाखांचे शेअर ठेवून गृहस्थ गेले, असं धरू. चार लाख बायकोचे, आणि ते वारसा म्हणून नव्हे, मुळात तिचेच. उरलेल्या चारांतले दोन मुलांसाठी राखीव, त्यांना मृत्युपत्रानेही हात लावता येत नाही. राहिलेले दोन लाख मृत्युपत्राने हवे त्याला देता येतात. भाऊ नुसता नॉमिनी असेल, तर त्याच्या वाट्याला येतात ते कागद, सह्या आणि वहिनीचे फोन.

भाऊ लिहायचाच तर लिहा, पण गुपित राखायचं असेल तर त्याचा उपयोग शून्य. सामाईक मालमत्तेच्या गोवेकर जोडप्याचं, पगार सोडून, बाकीचं उत्पन्न आयकर कायदा दोघांत निम्मं निम्मं वाटतो. त्यामुळे शेअर विकून झालेला नफा आणि लाभांश अर्धा बायकोच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, आणि तुमच्या विवरणपत्रातल्या Schedule 5A मध्ये तिचं नाव आणि पॅन भरावं लागतं. ते पॅन कार्ड तिच्या कपाटात असतं, आणि मागायला गेलं की ती आधी विचारते, "कशाला हवंय?"