ब्लॉक रॅमच्या एका क्लॉकच्या उशिराबद्दल खुलासा

"ब्लॉक रॅम डेटा एक क्लॉक उशिरा देते म्हणजे स्लो आहे, आउटपुट रजिस्टर लावला की अजून स्लो, काढून टाका."

सांगलीतल्या आमच्या एफपीजीए प्रोजेक्ट ग्रुपवर हे फिरतंय, पण तसं नाहीये. ॲड्रेस क्लॉकच्या एजला आत पकडला जातो, मग मेमरी आतली ओळ वाचते, म्हणून डेटा त्या एजनंतर बाहेर येतो आणि तुमचा फ्लिपफ्लॉप तो पुढच्या एजलाच घेऊ शकतो.

```verilog
always @(posedge clk) begin
  q    <= mem[addr];
  dout <= q;
end
```

आता समजा 200 मेगाहर्ट्झ, म्हणजे 5 नॅनोसेकंद. `q` बाहेर यायलाच 2.4 गेले तर पुढच्या ॲडरला आणि वायरिंगला 2.6 उरतात, तिथंच टायमिंग फेल होतं. मेमरीच्या आतलाच आउटपुट रजिस्टर, म्हणजे `dout`, वापरला की डेटा एजनंतर साधारण एक नॅनोसेकंदात बाहेर, चार मोकळे. पहिला शब्द एक क्लॉक उशिरा येतो खरं, पण नंतर दर क्लॉकला एक शब्द येतोच, वेग कमी होत नाही.

गडबड होते ती व्हॅलिड सिग्नलची. वाचायला सांगणारा `rd_en` पण दोन फ्लिपफ्लॉपमधून न्या आणि तोच व्हॅलिड म्हणून वापरा, नाहीतर पहिला शब्द जुनाच दिसतो आन् सगळा डेटा एक घर सरकतो, आमच्या पोरांनी यात दोन दिवस घालवलेत. फक्त ज्याचा पुढचा ॲड्रेस आत्ताच्या डेटावरनं ठरतो, लिंक्ड लिस्टसारखं, तिथं मात्र हा जादा क्लॉक प्रत्येक पावलाला खरंच मोजावा लागतो.