टीबीची पीपीटी: ऑप्शनला काय टाकायचं?

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. एमबीबीएसचं दुसरं वर्ष, सकाळी फार्माकॉलॉजीचा पेपर. "मावशी, टीबीच्या औषधांची पीपीटी ११८ स्लाइडची आहे. काय ऑप्शनला टाकू?" मी हाच विषय शिकवते आणि माझी स्वतःची पीपीटीही काही लहान नाही, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती.

त्याने आधीच रंग मारून ठेवले होते. लाल म्हणजे आलंच पाहिजे, पिवळं म्हणजे वाचून जायचं, बाकी सोडायचं. लाल किती? ७४. अरे, मग निवडलंस काय?

चूक कुठे होते ते त्याची ३१ नंबरची स्लाइड उघडल्यावर दिसलं. मोठा तक्ता. चार औषधं आणि पुढे काम कसं करतं, डोस, दुष्परिणाम, रेझिस्टन्सचं जीन असे रकाने. अख्खी स्लाइड लाल. पण त्या एका स्लाइडवर तिन्ही ढीग आहेत! दुष्परिणामांचा रकाना लाल, कारण लाँग क्वेश्चन असो की व्हायवा, तो चुकत नाही. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन. रिफाम्पिसिनने लघवी केशरी, घाबरायचं काही नाही, पण पेशंटला आधी सांगायचं. पायराझिनामाइडने युरिक अॅसिड वाढतं. इथॅम्ब्युटॉलने दृष्टीला त्रास, लाल-हिरवा फरक कळेनासा होतो. लिव्हरला त्रास पहिल्या तिघांचा, इथॅम्ब्युटॉलचा नाही. जीनचा रकाना मात्र पिवळा: katG आणि rpoB ही दोन नावं ओळखीची असली की पुरे. मिलिग्रॅम प्रति किलोचे आकडे त्या रात्री घोकायला घेतले तर सकाळी एकमेकांत मिसळतात. ते मी सरळ सोडायला सांगितले. काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही, चालेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अख्खी स्लाइड ढिगात टाकू नका, ओळ टाका. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: ही आली नाही तर जुन्या पेपरमधला कुठला प्रश्न कोरा राहील? उत्तर पटकन सुचलं तर लाल. त्यासाठी आधी जुने पेपर समोर हवेत, पीपीटी नंतर. आमची मुलं नेमकं उलटं करतात.

पिवळ्या ढिगात वेळ सगळ्यात जास्त जातो, पण तिथे एक गंमतही आहे. रिफाम्पिसिनच्या इंटरअॅक्शन्सची त्याच्याकडे तीन स्लाइडभर यादी होती, संततिनियमनाच्या गोळ्या, वॉरफरिन, एचआयव्हीची औषधं आणि पुढे बरंच. सगळं पाठ करत बसला होता. पण रिफाम्पिसिन लिव्हरमधले एन्झाइम वाढवतं, त्यामुळे बाकीची औषधं लवकर संपतात आणि त्यांचा असर कमी होतो, ही एक ओळ लाल केली की यादी आपोआप पडते. दोन उदाहरणं ठेवायची, बाकी सोडायची. कारण सांगणारी ओळ सापडली की तिला वर उचला आणि तिच्यामुळे कळणाऱ्या ओळी खाली टाका.

सोडायच्या ढिगात कॉख, १८८२, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध, रासायनिक रचना, एक्स-रेचे देखणे फोटो आणि दर पंधरा स्लाइडींनी परत येणारी "आउटलाइन". याबद्दल वाद नाही.

पण एक स्लाइड तिन्ही ढिगांच्या बाहेरची निघाली. कॅटेगरी १, कॅटेगरी २, आठवड्यातून तीन वेळा डोस. ही जुनी पद्धत, कुणीतरी वर्षानुवर्षं पुढे ढकललेली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून रोजचा डोस आला. ती वाचून गेलात तर उत्तर चुकणार, म्हणजे ती सोडायची नाही, खोडायची. नव्या केसला औषधाला दाद देणारा टीबी असेल तर लिहायचं ते हे:

```
2HRZE + 4HRE
```

दोन महिने चारही औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. ही ओळ लालात सगळ्यात वर. बेडाक्विलिन आणि रेझिस्टंट टीबी पिवळ्यात, कारण शॉर्ट नोट येऊ शकते. पण त्यातही क्यूटी वाढतो एवढं आधी.

अर्ध्या तासात लाल ओळी एका फुलस्केपच्या दोन्ही बाजूंवर आल्या. मग म्हटलं, आता पीपीटी बंद कर आणि कोऱ्या कागदावर न बघता लिही. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, लिहिताना कळतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोटो आला. अक्षर भयंकर, पण रेजिमेन बरोबर, पायरिडॉक्सिन बरोबर. इथॅम्ब्युटॉलपुढे मात्र "लिव्हर" लिहिलं होतं.

"तो डोळ्यांचा," मी पाठवलं.

"अरे हो!! मावशी, झोपू आता?"

"आधी तेवढी ओळ परत लिही."